गाम्बात्ते की गामान? जपानी माणूस 'नेट लाव' कधी म्हणतो आणि 'कळ काढ' कधी

"चिकुत्तो शिमास् यो." हिरडीत सुई टोचण्याआधी जपानमधला दंतवैद्य असं म्हणतो. चिकुत्तो हा टोचण्याचा 'आवाज' आहे. खरं तर टोचण्याला आवाज नसतो, पण जपानी भाषेला बिनआवाजाच्या गोष्टींनाही आवाज देण्याची खोड आहे. आपल्याकडचे डॉक्टर याच जागी "मुंगी चावल्यासारखं वाटेल हं" म्हणतात.

मी पुण्यात जपानी शिकलो आणि दुभाषी म्हणून नागोयाजवळच्या एका कारखान्यात काही महिने होतो. तिथे दाढेने दगा दिला आणि रूट कॅनॉल करावं लागलं. त्या पाऊण तासात डॉक्टरांनी माझ्याशी जे मोजकं बोलणं केलं, त्यातून मला दोन शब्दांमधला फरक कळला. तो वर्गात तीन वर्षांत नीट कळला नव्हता.

सुई टोचताना ते म्हणाले, "चोत्तो गामान शिते कुदासाई ने." जरा कळ काढा हं. मग बराच वेळ काम चाललं. तोंड उघडं ठेवून जबडा भरून आला, आणि माझं तोंड हळूहळू मिटायला लागलं तेव्हा म्हणाले, "मोउ सुकोशी देस्. गाम्बात्ते कुदासाई." आता थोडंच राहिलंय, नेट लावा. संपल्यावर खुर्ची सरळ करत म्हणाले, "योकु गाम्बारिमाश्ता ने." छान तग धरलात.

आधी गामान, मग गाम्बात्ते. हा क्रम त्यांनी ठरवून लावलेला नव्हता, तो भाषेनेच लावला होता. सुई आत जात असताना माझ्या हातात काहीही नव्हतं. हलायचं नाही, एवढंच माझं काम. तोंड मिटायला लागलं तेव्हा मात्र मला करण्यासारखं काहीतरी होतं, आ वासून राहायचं होतं, आणि शेवटही जवळ आलेला होता. पहिल्या वेळी सोसायला सांगितलं आणि दुसऱ्या वेळी जोर लावायला.

नवशिक्यांच्या पुस्तकात गाम्बात्तेसमोर 'ऑल द बेस्ट' आणि गामानसमोर 'संयम' असं लिहिलेलं असतं, आणि घोटाळा तिथून सुरू होतो. ऑल द बेस्ट म्हणणारा नशिबावर सोडून देतो. गाम्बात्तेमध्ये नशीब कुठेच नाही, तिथे सगळा भार ऐकणाऱ्याच्या अंगावर आहे. आणि संयम हा आपल्याकडे सद्गुण आहे, साधुसंतांना शोभणारा. गामान मात्र लघवीचीही करतात, हसण्याचीही करतात आणि मधुमेह झाल्यावर गोडाचीही करतात. त्यामुळे मी तरी वर्गात 'कळ काढणे' हाच शब्द वापरतो. पुढे या लघवीच्या गामानकडे परत यायचं आहे, कारण तिथे माणसं मेली आहेत.

दोन्ही शब्दांच्या पोटात हट्ट

गामान हा शब्द आपल्याकडून गेलेला आहे, हे सांगितलं की वर्गात नेहमी कुणीतरी मान वर करतं. बौद्ध तत्त्वविवेचनात, म्हणजे अभिधर्मात, 'मान' म्हणजे गर्व, आणि वसुबंधू या बौद्ध आचार्याच्या अभिधर्मकोशात त्याचे सात प्रकार दिले आहेत. अतिमान, ऊनमान, मिथ्यामान अशी ती यादी आहे, आणि त्यातला एक अस्मिमान. अस्मि म्हणजे 'मी आहे', आणि त्या 'मी आहे'चा माज म्हणजे अस्मिमान. चिनी भाषांतरात 'मान'साठी जे चित्राक्षर घेतलं, ते अर्थानेही जुळत होतं आणि उच्चारानेही जवळचं होतं. त्याच्या आधी 'मी' या अर्थाचं अक्षर लावलं, आणि तोच जोडशब्द जपानीत 'गामान' म्हणून वाचला गेला. अभिधर्मकोशाचं चिनी भाषांतर सातव्या शतकात ह्युएन त्संगने केलं. शाळेच्या इतिहासात महाराष्ट्रातली माणसं स्वाभिमानी असल्याचं सांगणारा तो हाच.

म्हणजे सुरुवातीला गामान हा दोष होता. साधकाने टाकून द्यायचा अहंकार. त्याचा अर्थ हळूहळू घसरत 'हट्टीपणा' झाला आणि तिथून 'हट्टाने सोसणं' असा झाला. मला दुखतंय हे दुसऱ्याला दिसलं तर माझा कमीपणा होईल, म्हणून मी चेहऱ्यावर दाखवणार नाही, अशी ती वाट. जुन्या अर्थाचा वास अजून एका शब्दाला येतो. यासेगामान म्हणजे अक्षरशः 'रोडका गामान', ऐपत नसताना उसना आणलेला ताठा. जपानी म्हण आहे की सामुराई जेवलेला नसला तरी तोंडात दातकोरणं धरून हिंडतो. आपल्याकडे तोच माणूस मिशांना तूप लावून हिंडतो.

गाम्बात्तेचं मूळ क्रियापद गाम्बारू. त्याच्या उगमाबद्दल दोन मतं आहेत. एका मतानुसार तो 'गा नि हारू'वरून आला, म्हणजे 'मी'पण ताणून धरणं, आपलंच खरं करणं. दुसऱ्या मतानुसार 'गान हारू'वरून, म्हणजे डोळे ताणून पहारा देणं. आज तो ज्या चित्राक्षरांत लिहितात त्यातलं पहिलं अक्षर हट्टाचं आणि दुसरं दोरी ताणण्याचं आहे, पण ती अक्षरं उच्चाराला जुळवून मागाहून बसवलेली आहेत. दारात एखादा राखणदार ठाण मांडून बसलाय आणि हलत नाही, यालाही जपानीत अजून 'गाम्बात्ते इरु' म्हणता येतं.

म्हणजे दोन्ही शब्द हट्टापासूनच निघाले. एक हट्ट आतल्या आत दाबून ठेवायचा झाला आणि दुसरा बाहेरच्या कामाला लावायचा झाला.

व्याकरणच बरंच सांगतं

गाम्बात्ते हे वाक्य पुरं नाही. मराठीत "जरा जोर लावून..." म्हणून थांबलो तर पुढचं 'बघ' किंवा 'कर' ऐकणारा मनात भरतो, तसंच ते आहे. पुढचा 'कुदासाई' म्हणजे 'कृपया द्या' गळून पडलेला असतो. त्यामुळे ते आज्ञेपेक्षा मऊ लागतं, आणि म्हणूनच जपानी माणूस ते निरोप घेताना सहज टाकतो. उद्या तुमची मुलाखत आहे, गाम्बात्ते. आज संध्याकाळी मुलांचा अभ्यास घ्यायचाय, गाम्बात्ते ने. अशा वेळी त्यात फारसं वजन नसतं.

गाम्बारे म्हटलं की ती सरळ आज्ञा होते. ही मैदानात ओरडायची गोष्ट. गाम्बारो म्हटलं की 'आपण नेट लावू', यात बोलणारा स्वतःलाही धरतो. उत्तरादाखल म्हणायचं ते गाम्बारिमास्, 'मी नेट लावीन'. आणि मोठ्यांना, म्हणजे साहेबांना किंवा गुरुजींना, गाम्बात्ते कुदासाई म्हटलेलं बरं दिसत नाही. अजून जोर लावा असं धाकट्याने थोरल्याला सांगायचं नसतं. तिथे "ओउएन शितेइमास्", तुमच्या पाठीशी आहे, असं म्हणतात. पुण्यातल्या कंपनीत एका नव्या मुलाने निवृत्त होणाऱ्या जपानी संचालकांना निरोपाच्या पत्रात ठळक अक्षरांत गाम्बात्ते लिहिलं होतं. ते हसले आणि त्यांनी ते पत्र जपून ठेवलं, पण सगळेच तसे हसत नाहीत.

गामान मात्र नाम आहे. त्याला 'सुरु', म्हणजे 'करणे', जोडावं लागतं. त्याचा जयघोष होत नाही. मैदानात उभे राहून हजारो लोक "गामान! गामान!" ओरडताहेत असं चित्र जपानी माणसाला हास्यास्पद वाटेल. गामान एकट्याने करायची असते आणि तोंड मिटून.

मग गामान करायला दुसऱ्याला कोण सांगतं? आई मुलाला सांगते. औषध कडू आहे, बस येईपर्यंत तहान लागली आहे, दादाचं खेळणं घ्यायचं नाही. डॉक्टर रोग्याला सांगतो. म्हणजे ज्याच्या हातात ते दुखणं सुरू करणं किंवा थांबवणं आहे, तो सांगू शकतो. सत्तेत असलेलेही सांगतात. नोव्हेंबर 2020 मध्ये कोरोनाची तिसरी लाट चढत असताना सलग तीन दिवसांची सुट्टी आली, तेव्हा जपान मेडिकल असोसिएशनच्या अध्यक्षांनी लोकांना 'गामान नो सानरेनक्यू' म्हणजे 'कळ काढायची तीन दिवसांची सुट्टी' पाळायला सांगितलं. तीन दिवस, घरी थांबा. इथे गामान शोभला, कारण त्याला टोक होतं. तीच विनंती पुढच्या सुट्टीला आणि त्याच्याही पुढच्या सुट्टीला केली की तिला धार राहत नाही, कारण कळ काढायला सांगणाऱ्याने 'कुठवर' हे सांगणं त्या शब्दातच धरलेलं असतं.

एका प्रौढाने बरोबरीच्या दुःखी माणसाला "गामान शिते" म्हणणं मात्र फार कठोर. बायको गेलेल्या मित्राला असं कुणी म्हणत नाही. गामान स्वतःबद्दल बोलता येतो, किंवा सोसून झाल्यावर दुसऱ्याबद्दल आदराने म्हणता येतं की ते फार गामान-झुयोइ, सोशिक होते. पण चालू दुःखात दुसऱ्याने मागायचा तो शब्द नाही.

बर्लिनमधलं गाम्बारे

गाम्बारे कुठे अगदी चपखल बसतं याचं जपानमधलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण 1936 चं आहे. बर्लिन ऑलिंपिक, 11 ऑगस्ट, महिलांची 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोकची अंतिम शर्यत. माएहाता हिदेको ही पोहणारी चार वर्षांपूर्वी लॉस एंजलिसला एक दशांश सेकंदाने सुवर्णपदक हुकून आलेली, आणि परत आल्यावर सुवर्ण का नाही आणलं असं तिला ऐकवलेलं. जपानमध्ये तेव्हा मध्यरात्र होत आली होती. रेडिओवरचे निवेदक कासाई सान्सेई यांनी आधी श्रोत्यांना विनवलं की रेडिओ बंद करू नका, कारण प्रसारणाची ठरलेली वेळ संपत होती.

शेवटच्या टप्प्यात माएहाता थोडी पुढे होती आणि जर्मनीची मार्था गेनेंगर अंतर कापत होती. कासाई यांचं वर्णन तिथे संपलं. कोण कुठे आहे, किती मीटर राहिले, हे सांगायचं सोडून ते "माएहाता गाम्बारे! गाम्बारे! गाम्बारे!" असं वीसहून जास्त वेळा ओरडले, आणि मग "कात्ता! कात्ता!", जिंकली, जिंकली. अंतर होतं सहा दशांश सेकंदाचं. ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली जपानी स्त्री.

इथे गाम्बारेला हवं ते सगळं हजर होतं. काम माएहाताच्याच हातापायांत होतं, भिंत डोळ्यांसमोर होती, ते पाणी तिने स्वतः निवडलेलं होतं आणि जोर लावला तर फरक पडणार होता.

पण या गोष्टीत एक गंमत आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. माएहाताला त्यातलं एक अक्षरही ऐकू आलं नाही. ती पाण्यात होती आणि निवेदकाचा आवाज हजारो किलोमीटरवरच्या घरांत चालला होता. ते गाम्बारे तिच्यासाठी नव्हतंच. काहीही करू न शकणाऱ्या, रेडिओला कान लावून बसलेल्या माणसांची ती तगमग होती. गाम्बात्ते बरेचदा असंच निघतं. समोरच्याचे हाल बघवत नाहीत, करण्यासारखं काही सुचत नाही, आणि मग तोंडातून तोच शब्द बाहेर पडतो. पोहणारीला ऐकू येत नव्हतं तोवर ठीक. पण समोर आजारी माणूस बसला असेल तर त्याला ऐकू येतं.

म्हणूनच नैराश्याच्या रोग्याला गाम्बारे म्हणू नये, हा सल्ला आज जपानमध्ये जवळजवळ प्रत्येकाला ठाऊक आहे. कारण सोपं आहे. नेट लाव म्हणण्यात 'अजून लावलेला नाहीस' हे गृहीत असतं. नैराश्यातला माणूस बहुतेक वेळा आधीच शक्तीबाहेर गाम्बारू करून तिथे पोचलेला असतो, आणि अंथरुणातून उठून तोंड धुवायलाही त्याला तेवढाच जोर लागत असतो. त्याला हा शब्द आरोपासारखा लागतो. या सल्ल्याचा उलटा त्रासही झाला आहे, तो असा की लोक इतके बिचकतात की भेटायला जाणंच टाळतात. शब्द टाळावा हे खरं, पण माणूस टाळावा असं कुणी सांगितलेलं नव्हतं.

छावणीतल्या आजी

आता गामान कुठे उलटतो ते बघू. 23 ऑक्टोबर 2004 ला निइगाता प्रांतातल्या चुएत्सू भागात भूकंप झाला. घरं पडून जेवढे गेले त्याहून जास्त माणसं नंतरच्या दिवसांत गेली. धक्के थांबत नव्हते, छताखाली झोपायची भीती वाटत होती, म्हणून पुष्कळ लोक आपापल्या गाड्यांत झोपले. त्यातल्या काहींच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि त्या फुप्फुसात जाऊन मृत्यू झाला. जपानमध्ये याला विमानाच्या स्वस्त वर्गातल्या प्रवासावरून 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' म्हणतात. 2016 मध्ये कुमामोतोच्या भूकंपातही लोक गाड्यांत झोपले. तिथे प्रत्यक्ष भूकंपाने 50 माणसं गेली आणि नंतरच्या आजारपणाने, थकव्याने गेलेल्यांची नोंद 200 च्या वर गेली.

यातलं गामान कुठे दडलंय ते बघायला, समजा, शाळेच्या व्यायामशाळेत उघडलेल्या छावणीत आलेल्या बहात्तर वर्षांच्या एक आजी घेऊ. लाकडी जमिनीवर एक घोंगडी, बाजूला शेजारीपाजारी. पहिल्या रात्री शेजारीण म्हणते, "गाम्बारिमाशो ने." आपण नेट लावू या हं. हे छान आहे, कारण तीही तिथेच झोपणार आहे.

दुसऱ्या दिवशी संडासाचा प्रश्न येतो. तात्पुरते संडास मैदानाच्या टोकाला, रात्री अंधार, चढायला पायरी, आत उकिडवं बसायचं, बाहेर रांग. आजींचे गुडघे दुखतात. त्या कुणालाच काही बोलत नाहीत. त्या फक्त पाणी पिणं कमी करतात, म्हणजे जावंच लागणार नाही. हीच ती लघवीची गामान. भाषेत ती इतकी रोजची आहे, लहानपणापासून बसमध्ये, वर्गात, पाहुण्यांकडे इतक्यांदा केलेली आहे, की यात काही धोका आहे असं त्यांच्या मनातही येत नाही.

तिसऱ्या दिवशी पालिकेचा माणूस येऊन विचारतो, "दाइजोउबु देस् का?" ठीक आहात ना? आजी म्हणतात, "दाइजोउबु देस्." जपानीत या प्रश्नाला दुसरं उत्तर जवळपास नसतंच. खोदून विचारलं तर म्हणतील, "मिन्ना ताइहेन दाकारा." सगळ्यांचेच हाल आहेत, माझं एकटीचं काय सांगायचं. तो माणूस जाता जाता मनापासून म्हणतो, "गाम्बात्ते कुदासाई." आजी म्हणतात, "गाम्बारिमास्." आणि त्या नेट कशात लावतात? पाणी न पिण्यात. त्याने दिलेला धीर त्यांच्या गामानलाच जाऊन मिळाला. मला या दोन शब्दांबद्दल सांगायचं आहे ते मुख्यतः हेच. ज्याच्याकडे करण्यासारखं काही उरलेलं नाही त्याला गाम्बात्ते म्हटलं, की ऐकणारा ते गामान म्हणूनच ऐकतो.

शरीरात काय चाललंय? पाणी कमी म्हणून रक्त दाट होतंय. गुडघ्यांमुळे आणि जागा नसल्यामुळे त्या दिवसभर पाय मुडपून बसून आहेत, पोटरीचे स्नायू हलत नाहीत, आणि पायातलं रक्त वर ढकलायचं काम तेच स्नायू करत असतात. साचलेल्या रक्तात गुठळी धरते. मग एके सकाळी त्या उठून चार पावलं चालतात आणि ती गुठळी सुटून फुप्फुसाकडे जाते. एका पायाला सूज, पोटरीत दुखणं, अचानक धाप, छातीत कळ, ही तिची लक्षणं. ज्या बाईला दुखणं लपवायची सवय आहे तिच्या बाबतीत ती शेवटपर्यंत बाहेर दिसणार नाहीत.

म्हणून चांगली परिचारिका "ठीक आहात ना?" विचारतच नाही. ती आजींच्या शेजारी जमिनीवर बसते आणि विचारते, सकाळपासून किती वेळा जाऊन आलात? ही बाटली कालची की आजची? असे प्रश्न 'दाइजोउबु'ने टाळता येत नाहीत, त्यांना आकडा द्यावा लागतो. मग ती म्हणते, "गामान शिनाइदे कुदासाई ने", कळ काढू नका, आणि तेवढ्यावर सोडत नाही. रात्री कुणीतरी टॉर्च घेऊन बरोबर येईल अशी व्यवस्था लावते, पोटऱ्या हलवायला शिकवते, जमिनीपासून उंच असा पुठ्ठ्याचा पलंग आहे का ते बघते. 2011 च्या तोहोकू भूकंपानंतर छावण्यांत हे पुठ्ठ्याचे पलंग हळूहळू दिसायला लागले. संडास तसाच दूर ठेवून नुसतं "कळ काढू नका" म्हणणं हीसुद्धा एक चेष्टाच असते.

उन्हाळ्यातही आता तेच ऐकू येतं. विजेची बचत म्हणून किंवा सवयीने म्हातारी माणसं पंखा, एसी बंद ठेवतात आणि घरातच उष्माघाताने जातात. म्हणून गरमीच्या इशाऱ्यांत सरकारच सांगतं की गामान न करता एसी लावा. सोशिकपणाची वाहवा करणाऱ्या देशाला तो सोडा म्हणून दरवर्षी सांगावं लागतं.

'रे' आणि 'रो'

जानेवारी 1995 मध्ये कोबे शहर भूकंपाने उद्ध्वस्त झालं, 6,400 हून जास्त माणसं गेली. तिथल्या ओरिक्स ब्लूवेव्ह या बेसबॉल संघाने त्या मोसमात आपल्या सदऱ्याच्या बाहीवर 'गाम्बारो कोबे' असं लिहून घेतलं. पुढे जगभर गाजलेला खेळाडू इचिरो तेव्हा त्या संघात होता. त्यांनी त्या वर्षी लीग जिंकली आणि पुढच्या वर्षी जपान सीरीज. बाहीवर 'गाम्बारे' असतं तर ते बाहेरून दिलेलं बोधामृत झालं असतं. 'गाम्बारो'मुळे खेळाडू म्हणत होते की आमचंही गाव हेच. 2011 च्या तोहोकू भूकंपानंतर इशिनोमाकी शहराच्या मिनामिहामा भागात त्सुनामीत घरदार गेलेल्या एका रहिवाशाने एका महिन्याने, 11 एप्रिलला, ढिगाऱ्यातलं लाकूड घेऊन आपल्याच जागेवर मोठा फलक उभा केला, 'गाम्बारो! इशिनोमाकी'. तोच 'रो', आणि लिहिणारा चिखलात उभा.

पण त्याच काळात तोक्योच्या जाहिरातींत आणि टीव्हीवरही 'गाम्बारो' झळकत होतं. घर शाबूत असलेला माणूस 'आपण' म्हणतो तेव्हा ते 'आपण' पोकळ लागतं. आणखी किती नेट लावायचा, असं घरदार गेलेल्या लोकांनी म्हणायला सुरुवात केली. प्रत्यय बरोबर असूनही बोलणारा चुकीच्या जागी उभा होता.

मग म्हणायचं काय? जपानी लोकांनी गाम्बात्तेलाच थोडं वाकवून वाटा काढल्या आहेत. "गाम्बात्तेरु ने", तू नेट लावतोच आहेस हं. एका 'रु'ने मागणीची पावती होते. ऑफिसात रात्री उशिरापर्यंत बसलेल्याला हे म्हणतात. "मुरी शिनाइदे ने", झेपेल तेवढंच कर. हे फार वापरलं जातं, आणि साहेबाने कामाचा ढीग तसाच ठेवून म्हटलं तर फार पोकळही लागतं. घरी मयत झाली असेल तर या सगळ्यातलं काहीच नाही. तिथे ठरलेलं "गोशुउशोउसामा देस्" म्हणायचं आणि गप्प उभं राहायचं. विद्यार्थी मला विचारतात की असं ठरीव काय म्हणायचं, मनापासून काहीतरी बोलू ना. मी सांगतो, नका बोलू. तिथे ठरीव बोलण्याने समोरच्याला उत्तर शोधायचे कष्ट पडत नाहीत.

दंतवैद्याबद्दल एक सांगायचं राहिलं. जपानी दवाखान्यात सुरुवातीलाच सांगतात की दुखलं तर डावा हात वर करा. यावर तिथे एक जुना विनोद आहे. रोगी हात वर करतो आणि डॉक्टर म्हणतात, "हो का, गामान शिते कुदासाई ने", आणि ड्रिल चालूच राहतं. कारखान्यातल्या मित्रांनी मला तो आधीच ऐकवून ठेवला होता, त्यामुळे मी बराच वेळ हात मांडीखाली दाबून बसलो होतो. शेवटी राहवलं नाही आणि बोटं जेमतेम उचलली. ड्रिल थांबलं. डॉक्टर म्हणाले, "गामान शिनाकुते इइ देस् यो." कळ काढायची काही गरज नाही. आणि दुसरी सुई भरायला घेतली.